डोळा कुठे उभा आहे?

नववीतल्या पाच मुलामुलींनी विज्ञान प्रकल्पासाठी दीड मिनिटाच्या ॲनिमेशनची पटकथा लिहून आणली होती. विषय होता चंद्राच्या कला. पानावर तीन रकाने आखले होते: दृश्य, निवेदन आणि चित्रसूचना. निवेदन चोख होतं. चंद्राला स्वतःचा प्रकाश नाही, तो पृथ्वीभोवती फिरतो, त्याचा उजळलेला भाग आपल्याला रोज कमीजास्त दिसतो. खोडावं असं एकही वाक्य नव्हतं. शेजारच्या रकान्यात मात्र लिहिलं होतं, ‘सूर्य, पृथ्वी, चंद्र एका ओळीत. पृथ्वीची सावली हळूहळू चंद्रावर सरकते. चंद्रकोर तयार होते.’

त्या पानावर लाल शाईत ‘छान’ असा शेरा आधीच पडलेला होता. तपासणाऱ्याने निवेदन वाचलं, शुद्धलेखन पाहिलं आणि चित्रांचा रकाना सजावटीचा म्हणून सोडून दिला. ही फिल्म तशीच बनली असती तर काय झालं असतं? कानाने बरोबर ऐकलं असतं, डोळ्याने चूक पाहिलं असतं, आणि आठवणीत राहिली असती ती सरकणारी सावली. तिथे जे दाखवलं होतं ते चंद्रग्रहण. ते काही तासांत संपतं. कला महिनाभर चालतात.

माझं म्हणणं त्या पानावरूनच मांडतो. शाळेतल्या विज्ञान-ॲनिमेशनच्या पटकथेत विज्ञान राहतं ते चित्रसूचनेत. निवेदन पुस्तकातून उतरवता येतं आणि न समजताही बरोबर असू शकतं. चित्रसूचना तशी उतरवता येत नाही. सूर्य कागदाच्या कोणत्या बाजूला, उजेड कुठून येतो, पाहणारा कुठे उभा आहे, हे ठरवल्याशिवाय पेन्सिल टेकत नाही. ज्याला समजलेलं नाही त्याचं अज्ञान तिथे लगेच उघडं पडतं. म्हणून पटकथा चित्रसूचनेपासून लिहायला सुरुवात करावी, आणि तपासणाऱ्यानेही आधी तोच रकाना तपासावा.

आता चांगली चित्रसूचना म्हणजे काय, ते पाहू. मुलांच्या पटकथेत एक सूचना होती, ‘आकाशात सुंदर चंद्र चमकतो आहे.’ ही पाच मुलांना दिली तर पाच चित्रं येतील. एकात कोर उभी असेल, एकात आडवी, आणि एकात कोरीच्या दोन टोकांच्या मधोमध चांदणी असेल. ती चांदणी तिथे असूच शकत नाही. कोरीच्या पोटातली काळी जागा रिकामी नसते, तिथे चंद्राचाच अंधारा भाग असतो, आणि तारा त्याच्या कितीतरी मागे. हीच सूचना अशी लिहिली तर? ‘काळा कागद. खालच्या कडेला क्षितिज. सूर्य नुकताच क्षितिजाखाली गेला आहे. कोरीची फुगीर बाजू सूर्याकडे, म्हणजे खाली. उरलेलं वर्तुळ फिकट राखाडी, त्यात काहीही काढू नये.’ आता पाचही चित्रं जवळजवळ सारखी येतील. सूचना पुरेशी झाली की नाही, हे ओळखायची माझी कसोटी तीच आहे: निवेदन न वाचलेल्या दोन मुलांना ती वेगवेगळी द्या. दोघांनी एकच चित्र काढलं तर सूचना पुरी झाली.

‘फुगीर बाजू खाली’ हे शब्द मी मुद्दाम वापरले. बाहेरच्या चित्रांत चंद्रकोर बहुतेक वेळा उभी असते, कंसासारखी. ती चित्रं उत्तरेकडच्या देशांतून आलेली आहेत. आपण विषुववृत्ताच्या बरेच जवळ राहतो. त्यामुळे गुढीपाडव्याच्या सुमाराला द्वितीया-तृतीयेची कोर महाराष्ट्रातून होडीसारखी आडवी दिसते. शरद ऋतूत तीच संध्याकाळची कोर जरा तिरकी उभी राहते. मुलांनी गच्चीवर जाऊन पाहिलं असतं तर होडी काढली असती. आयतं चित्र उचललं म्हणून कंस आला. नियम एकच लक्षात ठेवायचा: उजळ कड सूर्याकडे असते. सूर्य मावळला असला तरी तो कुठे मावळला ते आपल्याला ठाऊक असतं.

चंद्राच्या कलांमधली खरी अडचण मात्र वेगळीच आहे. या विषयाला दोन डोळे लागतात. एक डोळा अवकाशात, पृथ्वीच्या उत्तर ध्रुवाच्या खूप वर. त्याला दिसतं की चंद्र सतत अर्धा उजळलेला आहे, अमावस्येलाही. दुसरा डोळा पृथ्वीवर, आपला. त्याला कोर दिसते, अर्धा चंद्र दिसतो, पूर्ण चंद्र दिसतो. पहिल्याला कला दिसत नाहीत आणि दुसऱ्याला कारण दिसत नाही. पुस्तकातली नेहमीची आकृती हे दोन्ही एकाच कागदावर छापते. आत चंद्राची एक माळ, बाहेर दुसरी. मुलं दोन्ही माळा एकाच नजरेने वाचतात आणि कक्षेवर फिरणाऱ्या चंद्रालाच कोरीचा आकार देऊन टाकतात. म्हणजे त्यांच्या मनात चंद्र अवकाशातच झिजतो आणि भरतो.

आपल्याकडच्या शाळांमध्ये याचा चांगला अभ्यास झालेला आहे. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या शमीन पडळकर आणि जयश्री रामदास यांनी प्राथमिक खगोलशास्त्र शिकवताना हातवारे आणि आकृत्या यांचा कसा उपयोग होतो, हे तपासलं. अंगाने वळून, हाताने दिशा दाखवून मूल एका जागेवरून दुसऱ्या जागी मनाने जायला शिकतं, हा त्या कामातला धागा मला फार मोलाचा वाटतो. ॲनिमेशनमध्ये नेमकं हेच करता येतं. पुस्तकाचं पान डोळ्याला वरून उचलून खाली आणू शकत नाही. फिल्म आणू शकते, आणि तो प्रवास प्रेक्षकाच्या समोर घडतो. दीड मिनिटाच्या फिल्मचं सगळं सामर्थ्य या एका उतरणीत आहे.

म्हणून आम्ही प्रत्येक दृश्याला चौथा रकाना जोडला आणि त्याला नाव दिलं ‘डोळा’. दुसरं आणि तिसरं दृश्य मग असं झालं:

दृश्य २ (१५ सेकंद)
डोळा: उत्तर ध्रुवाच्या वर, खाली पाहणारा.
चित्रसूचना: काळा कागद. सूर्य कागदाबाहेर डावीकडे, डाव्या कडेवर फक्त पिवळे बाण. मध्यभागी पृथ्वी. चंद्र तिच्याभोवती घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो. चंद्राचा डावा अर्धा भाग नेहमी पांढरा, उजवा नेहमी काळा.
निवेदन: ‘सूर्याच्या उजेडात चंद्राचा अर्धा भाग नेहमीच उजळलेला असतो. तो भाग वाढत नाही, कमी होत नाही.’

दृश्य ३ (२० सेकंद)
डोळा: वरून निघतो, खाली येतो, पृथ्वीवर उभ्या असलेल्या मुलीच्या खांद्यामागे थांबतो.
चित्रसूचना: चंद्र कागदाच्या खालच्या बाजूला थांबलेला. मुलगी त्याच्याकडे तोंड करून उभी. कागद हळूहळू अर्धा फेरा फिरतो, चंद्र मुलीच्या समोर येतो. आता चंद्राचा उजवा अर्धा भाग पांढरा.
निवेदन: ‘आता आपण पृथ्वीवर उभे आहोत. सूर्य आपल्या उजव्या हाताला आहे. म्हणून चंद्राची उजवी बाजू उजळलेली दिसते. ही शुद्ध अष्टमी.’

तिसऱ्या दृश्यातला तो अर्धा फेरा आम्हाला एका मुलीने दिला. पहिल्या खर्ड्यात शुद्ध अष्टमीच्या चंद्राची डावी बाजू पांढरी होती, कारण वरच्या चित्रात डावी बाजू पांढरी होती आणि चित्र सरळ मोठं करून घेतलं होतं. वर्गात वाद झाला. एकजण म्हणत होता, ‘काल संध्याकाळी मी पाहिलाय, उजवीकडेच उजेड होता.’ दुसरा आकृतीवर बोट ठेवून म्हणत होता, ‘मग ही चुकीची आहे का?’ ती मुलगी काही बोलली नाही. तिने वही उचलली आणि उलटी धरली. चंद्र तिच्यापासून दूर, समोरच्या बाजूला गेला, आणि पांढरी बाजू उजवीकडे आली. सगळे गप्प झाले. आकृतीही बरोबर होती आणि आकाशही. फक्त पाहणारा वळला नव्हता. निवेदनाच्या कोणत्याही वाक्याने ती गोष्ट इतकी स्पष्ट केली नसती.

यानंतर फिरता चंद्र करायचा होता. मुलांनी मोबाइलने एकेक फोटो काढून स्टॉप-मोशन करायचं ठरवलं. थर्मोकोलचा चेंडू अर्धा काळा रंगवला, पुठ्ठ्याच्या पट्टीच्या टोकाला चिकटवला, पट्टीचं दुसरं टोक मध्यभागी टाचणीने खिळवलं आणि पट्टी फिरवली. फोटो जोडून पाहिले तर चंद्राची पांढरी बाजू पट्टीबरोबरच फिरत होती. पौर्णिमेला पांढरी बाजू पृथ्वीकडे होती म्हणून फिल्ममध्ये ती सगळ्या तिथींना पृथ्वीकडेच राहिली, आणि महिनाभर पौर्णिमा झाली.

ही चूक मला टाकून द्यावीशी वाटली नाही, कारण तिच्यात एक खरी गोष्ट दडलेली आहे. चंद्राची एकच बाजू नेहमी पृथ्वीकडे असते. म्हणजे चेंडूवर दोन वेगळ्या जोड्या आहेत. एक जोडी पृथ्वीकडची बाजू आणि पलीकडची बाजू, ती पट्टीबरोबर फिरते. दुसरी जोडी उजळ बाजू आणि अंधारी बाजू, ती सूर्याशी बांधलेली असते. ‘चंद्राची काळी बाजू’ असा शब्दप्रयोग सर्रास होतो तो या दोन जोड्यांची गल्लत केल्यामुळे. पलीकडच्या बाजूवरही पंधरा दिवस ऊन असतं. उपाय साधा निघाला. चेंडू न चिकटवता टाचणीवर बसवला, आणि प्रत्येक फोटोआधी पांढरी बाजू पुन्हा डावीकडे वळवली. सूचनेत एक ओळ वाढली: ‘पट्टी सरकवल्यावर चेंडू फिरवून पांढरी बाजू बाणांकडे आणावी.’

फोटो किती काढायचे, या हिशेबात पंचांग कामाला आलं. सूर्य आणि चंद्र यांच्यामधलं कोनीय अंतर १२ अंशांनी वाढलं की एक तिथी होते. तीस तिथी, ३६० अंश, एक चांद्रमास, सुमारे साडेएकोणतीस दिवस. कक्षेचा एक फेरा १५ सेकंदांत दाखवायचा तर एका तिथीला अर्धा सेकंद येतो. सेकंदाला १२ चित्रं धरली तर तिथीमागे सहा. तितके फोटो काढायची गरज नसते, एकच फोटो दोन चित्रांपुरता धरून ठेवला तरी हालचाल चांगली दिसते. मग तिथीमागे तीन फोटो, प्रत्येक वेळी चंद्र चार अंश पुढे, एकूण ९० फोटो. मुलांनी पुठ्ठ्यावर चार-चार अंशांच्या खुणा केल्या आणि दर तिसऱ्या खुणेला तिथीचं नाव लिहिलं. आजीच्या कॅलेंडरवरची तिथी म्हणजे मोजता येणारा कोन आहे, हे त्यांना त्या पुठ्ठ्यावर पहिल्यांदा दिसलं.

हे चौथं दृश्य. पडदा दुभागलेला, डावीकडे वरून दिसणारी कक्षा, उजवीकडे पृथ्वीवरून दिसणारा चंद्र. इथे आम्ही निवेदन पूर्ण काढून टाकलं. बार्बरा ट्वर्स्की, ज्युली मॉरिसन आणि मिरेय बेट्रॉंकूर यांनी २००२ मध्ये ॲनिमेशनच्या उपयोगाबद्दलचे तोवरचे प्रयोग तपासले होते. त्यांचा निष्कर्ष उत्साहाला आवर घालणारा होता: हलतं चित्र स्थिर चित्रापेक्षा चांगलं शिकवतं असं सहसा दिसत नाही, कारण बऱ्याचदा ते इतकं भरगच्च आणि वेगवान असतं की डोळ्याला टिपताच येत नाही. आमच्या चौथ्या दृश्यात डोळ्याला एकाच वेळी दोन ठिकाणी पाहायचं होतं. त्यात कानाशी कुणी बोलत राहिलं तर एक गोष्ट हमखास निसटते. म्हणून पंधरा सेकंद शांतता ठेवली, आणि अमावस्या, अष्टमी, पौर्णिमा व पुन्हा अष्टमी या चार ठिकाणी चित्र क्षणभर थांबवलं. मोठ्याने, नीट वाचायचं तर सेकंदाला दोनच शब्द बसतात. म्हणजे नव्वद सेकंदांच्या फिल्ममध्ये आमच्याकडे दीडशे शब्द उरले. तेवढे पुरले.

उजवीकडचा चंद्र मुलं हाताने काढणार होती. तिथेही गडबड होते, कारण उजेड तिथींच्या प्रमाणात सरळ वाढत नाही. अमावस्येपासून पौर्णिमेपर्यंतचा एक तृतीयांश कोन पार झाला, म्हणजे शुद्ध पंचमी संपली, तरी बिंबाचा पावच भाग उजळतो. मग आम्ही अंधाऱ्या खोलीत तीन मीटरवर टॉर्च ठेवला, एक साधा पांढरा चेंडू फिरवला आणि पृथ्वीच्या जागी मोबाइल ठेवून फोटो काढले. आकार आपोआप बरोबर आले. फक्त पौर्णिमा जमेना. मोबाइलचीच सावली चेंडूवर पडायची. एक मुलगा म्हणाला, ‘बघा, पडते ना सावली!’

त्याचं बरोबर होतं. टेबलावर सावली पडतेच. आकाशात बहुतेक पौर्णिमांना का पडत नाही, याचं उत्तर टेबलावर मिळणार नव्हतं, कारण टेबलावर अंतरं खोटी असतात. या विषयावरच्या प्रत्येक चित्रात ती खोटी असतात, आमच्या दुसऱ्या दृश्यातही. म्हणून पाचवं दृश्य मैदानावर चित्रित केलं. पृथ्वी म्हणून फुटबॉल, व्यास साधारण २२ सेंटिमीटर. त्या प्रमाणात चंद्र ६ सेंटिमीटरचा, लहानशा मोसंब्याएवढा. दोघांमधलं अंतर पृथ्वीच्या तीस व्यासांइतकं, म्हणजे साडेसहा मीटर. सूर्य याच प्रमाणात ठेवायचा तर २४ मीटर व्यासाचा गोळा अडीच किलोमीटरहून थोडा लांब. आता चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे पाच अंशांनी कललेली आहे. साडेसहा मीटरवर पाच अंश म्हणजे मोसंबं फुटबॉलच्या पातळीपेक्षा साठ सेंटिमीटरपर्यंत वर किंवा खाली जाऊ शकतं. फुटबॉलची गडद सावली तिथे पोचेपर्यंत जेमतेम सोळा सेंटिमीटर रुंद उरते. ती सावली मोसंब्याला चुकणं सोपं आहे, गाठणं अवघड. पौर्णिमा त्या दोन पातळ्यांच्या छेदापाशी आली तरच ग्रहण होतं.

दृश्य ५ (२० सेकंद)
डोळा: मैदानावर, माणसाच्या उंचीवर, एका बाजूला.
चित्रसूचना: फुटबॉल स्टुलावर. साडेसहा मीटरवर मुलगा मोसंबं धरून उभा. आधी फुटबॉलच्या पातळीत, मग हात साठ सेंटिमीटर वर. दोन्ही वस्तू एकाच चौकटीत दिसल्या पाहिजेत.
निवेदन: ‘आधीच्या चित्रात आपण चंद्र फार जवळ काढला होता. खरं अंतर एवढं आहे. म्हणून पृथ्वीची सावली बहुतेक वेळा चंद्राला चुकते.’

या निवेदनातल्या पहिल्या वाक्याबद्दल मी आग्रही आहे. प्रमाण मोडणं हा ॲनिमेशनचा दोष मानायचं कारण नाही. ते मोडल्याशिवाय दोन गोल एका चौकटीत मावतच नाहीत. पण मोडलं हे त्याच फिल्ममध्ये, स्पष्ट शब्दांत सांगितलं पाहिजे. सावलीचा गैरसमज जन्मतो तो या न सांगितलेल्या मोडतोडीतूनच. चंद्र पृथ्वीला इतका चिकटून काढलेला असतो की सावली त्याच्यावर पडणारच, असं कुठल्याही शहाण्या मुलाला वाटेल.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की शाळकरी मुलांच्या प्रकल्पाकडून एवढी काटेकोर सूचना मागितली तर त्यांच्या कल्पनेला वाव राहत नाही. मला उलट अनुभव आला. उजेड डावीकडून येतो हे एकदा ठरल्यावर मुलीच्या घराची गच्ची कशी असेल, तिच्या अंगावर शाल असेल का, पृथ्वी कापडाची करायची की रंगीत कागदाची, यात मुलं मनमोकळी रमली. बांधायच्या त्या चारच गोष्टी: उजेडाची दिशा, फिरण्याची दिशा, डोळ्याची जागा आणि मोडलेलं प्रमाण. बाकी सगळं त्यांचं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. एवढा खटाटोप करण्यापेक्षा मुलांना महिनाभर आकाश दाखवावं, हातात चेंडू आणि टॉर्च द्यावा. हे मला मान्यच आहे. ‘काल संध्याकाळी मी पाहिलाय’ म्हणणारा मुलगा गटात नसता, तर ती चूक पकडलीच गेली नसती. पण आकाश पाहणाऱ्याचा डोळा पृथ्वीवरच राहतो. वरून पाहायला कुणीही जाऊ शकत नाही. तो एक प्रवास फिल्मकडे सोपवावा, आणि बाकीचं आकाशाकडे आणि टॉर्चकडे.

फिल्म पुरी झाल्यावर आम्ही ती दुसऱ्या तुकडीला आवाज बंद करून दाखवली. मधेच थांबवून विचारलं, ‘आत्ता सूर्य कुठे आहे?’ ज्या चौकटीत उत्तर येईना, ती चौकट बदलली. मग शेवटी एकच प्रश्न: सूर्य मावळताना शुद्ध अष्टमीचा चंद्र कुठे असेल आणि त्याची कोणती बाजू उजळ असेल? पाठांतराने याचं उत्तर येत नाही. ज्याच्या मनाचा डोळा खाली उतरला, तो मान वर करतो, डोक्यावर बोट दाखवतो आणि मग पश्चिमेकडे.

पहिल्या आणि सहाव्या दृश्यात एक आजी आहे. संकष्टीचा उपास सोडायला ती गच्चीवर चंद्राची वाट पाहते आहे. पहिल्या दृश्यात नात विचारते, ‘पौर्णिमेला तर संध्याकाळीच उगवला होता, आज एवढा उशीर का?’ सहाव्या दृश्यात निवेदन उत्तर देतं. पौर्णिमेनंतर चंद्र चाळीसेक अंश पुढे सरकलेला आहे. त्याला समोर आणायला पृथ्वीला सूर्यास्तानंतर तेवढं आणखी फिरावं लागतं, तासाला पंधरा अंश या हिशेबाने अडीच ते तीन तास. शेवटच्या चौकटीची चित्रसूचना मुलांनी स्वतः लिहिली: ‘डोळा गच्चीवर, आजीच्या मागे. पूर्वेकडे क्षितिजावर चंद्र. वरची कड पूर्ण गोल, खालच्या बाजूने थोडा कापलेला, कारण सूर्य आता आपल्या पायाखाली, पश्चिमेकडून पुढे निघालाय आणि चंद्र त्याच्याकडे जायला लागलाय.’

ती सूचना वाचून मी थबकलो, कारण उजळ कड सूर्याकडे असते हा आमचा नियम. मग कागदावर मांडून पाहिलं. उगवत्या चतुर्थीच्या चंद्रापासून सूर्याकडे जायच्या दोन वाटा आहेत. चंद्रापासून पूर्वेकडे, क्षितिजाखालून गेलं तर सूर्य १४० अंशांवर, आणि आकाशावरून पश्चिमेकडे गेलं तर २२० अंशांवर. जवळची वाट क्षितिजाखालची. म्हणजे उजळ, पूर्ण गोल कड खाली हवी आणि कापलेली बाजू वर. मुलांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे पुरावा मागितला नाही. पुढच्या संकष्टीला पाचही जण आपापल्या गच्चीवर गेले, आणि दुसऱ्या दिवशी सूचनेतले ‘वरची’ आणि ‘खालच्या’ हे दोन शब्द त्यांनीच अदलाबदल करून आणले.